‘बायको बदलता येत नाही, मिक्सर तरी बदला!’

*ताई, मी सांगलीत एका छोट्या जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिते. संक्रांतीसाठी घरगुती उपकरणांच्या एका दुकानाचं काम आलंय, कमी आवाजाच्या मिक्सरचं. सरांनी रेडिओचा स्पॉट स्वतः लिहिलाय आणि तो ऐकून सगळं ऑफिस हसलं. मी म्हटलं, हा बायकोवरचा विनोद आता नको. सर म्हणाले, ‘मग तूच तपास आणि दुरुस्त कर, पण हसू गेलं तर जाहिरात गेली.’ पेपरची जाहिरात आणि कूपनही माझ्याकडेच आहे. सगळा मजकूर सोबत पाठवतेय. काय काढू, काय ठेवू, आणि हसू कसं टिकवू?*
*— एक कॉपीरायटर, सांगली*

तुमचे सर एका बाबतीत अगदी बरोबर आहेत: हसू गेलं तर हा स्पॉट कुणी ऐकणार नाही. त्यामुळे पहिली गोष्ट, लाल पेन बाजूला ठेवा. बहुतेक जण तपासायला बसले की खटकणाऱ्या शब्दांवर रेघा मारत सुटतात, आणि शेवटी हातात ‘कुटुंबातील सर्व सदस्यांसाठी उपयुक्त मिक्सर’ असं काहीतरी उरतं. त्यात कुणाचा अपमान नसतो आणि कुणाला मिक्सरही घ्यावासा वाटत नाही. रेघ मारायच्या आधी हे शोधायचं, की हसू नेमकं कशावर येतंय.

सरांचा स्पॉट इथे उतरवून घेते, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल.

मित्र: काय रे, एवढा वैतागलेला?
नवरा: काय सांगू! सकाळपासून घरात नुसतं घर्रर्र… घर्रर्र…
मित्र: मिक्सर?
नवरा: नाही रे, बायको!
निवेदक: बायको बदलता येत नाही, मिक्सर तरी बदला!

बायकोचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवा आणि तिसरी-चौथी ओळ पुन्हा वाचा. मित्र विचारतो, ‘मिक्सर?’ आणि आपलं पात्र म्हणतं, ‘नाही.’ गिऱ्हाइकाला ज्या त्रासातून सोडवायला आपण निघालोय, तो त्रास मिक्सरचा नाहीच, असं आपलीच जाहिरात सांगते! दुकानदार पैसे मोजतोय कमी आवाजाच्या मिक्सरसाठी, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात आवाज चिकटतो तो बायकोला. दुसऱ्या दिवशी त्याला विनोद आठवेल, कदाचित तो व्हॉट्सॲपवर पुढेही ढकलेल, पण मिक्सर कुठला आणि त्याचं वैशिष्ट्य काय, हे त्याला सांगता येणार नाही. सरांशी बोलताना सुरुवात इथूनच करा. तो बाईचा अपमान आहे, हे खरंच आहे आणि तेही सांगायचंच. पण जो माणूस गिऱ्हाईक सांभाळतोय, त्याला ‘हा विनोद माल विकत नाही’ हे आधी ऐकू येतं.

आता हा विनोद साच्यावर, म्हणजे बायका-पुरुषांबद्दलच्या ठरीव समजुतीवर, उभा आहे की नाही, हे कसं ओळखायचं? बायकोच्या जागी नवरा घालून बघा, असं सर्रास सांगितलं जातं. ही युक्ती अर्धीच उपयोगी आहे. ‘घर्रर्र… मिक्सर? नाही गं, नवरा!’ हेही चालून जातं, कारण घोरणाऱ्या नवऱ्याचा विनोद आपल्याकडे तयारच असतो. एक साचा काढून दुसरा बसवला, एवढंच. म्हणून तिथे असं माणूस घाला, ज्याच्याबद्दल कुणाच्या डोक्यात तयार विनोद नाही. ‘मिक्सर? नाही रे, थोरला भाऊ!’ आता कुणी हसत नाही. उलट विचारतात, भावाला काय झालं? याचा अर्थ, मूळ ओळीत हसू स्पॉटमधल्या कशावरच नव्हतं. ‘बायका किरकिर करतात’ ही समजूत ऐकणारा घरून घेऊन येतो आणि आपण तिच्यावर फुकटात हसू मिळवतो. जे माणूस बदलल्यावर मरतं, ते हसू साच्याचं. जे टिकतं, ते प्रसंगाचं.

नवऱ्याला बावळट करून सुटका करून घेऊ नका, हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढचा मोह तोच असतो. ब्रिटनमध्ये १४ जून २०१९ पासून जाहिरातीत घातक लिंगभेदी साचे वापरायला बंदी आली आणि त्याच ऑगस्टमध्ये पहिल्या ज्या दोन जाहिराती थांबवल्या गेल्या, त्यातली एक फिलाडेल्फिया चीजची होती. दोन बाप खाण्यात इतके गुंगतात, की तान्ही बाळं रेस्टॉरंटच्या सरकत्या पट्ट्यावरून निघून जातात. शेवटी एक बाप म्हणतो, आईला सांगू नकोस. कंपनीचं म्हणणं होतं, की नेहमीच्या दोन आया दाखवायच्या नाहीत म्हणूनच मुद्दाम दोन बाप घेतले. हेतू साचा मोडण्याचाच होता, जाहिरात विनोदी होती, तरी निर्णय विरोधात गेला. पुरुषाला मूल सांभाळता येत नाही, हाच त्या विनोदाचा पाया ठरला. तुमच्या पेपरच्या मजकुरात ‘वापरायला इतका सोपा, की पुरुषांनाही जमेल!’ ही ओळ आहे ना, ती याच जातीची. ती लिहिणाऱ्याला वाटतं आपण बायकांची बाजू घेतली. पण त्या ओळीतून निघतं काय, तर चटणी वाटणं हे मुळात बाईचं काम आणि पुरुष त्यात पाहुणा.

आपल्याकडे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही जाहिरात व्यवसायाची स्वतःची नियमन संस्था १९८५ पासून आहे. जून २०२२ मध्ये तिने लिंगभेदी साच्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सरांना वाचायला द्या, कारण त्या त्यांना वाटतात तितक्या कडक नाहीत. बाई घर साफ करताना किंवा पुरुष ऑफिसला जाताना दाखवायला त्यात मनाई नाही. मनाई आहे ती ‘हे काम हिचंच, दुसऱ्या कुणाचं नाही’ असं सुचवायला. एखादी गोष्ट जमली नाही, ती केवळ बाई आहे म्हणून किंवा पुरुष आहे म्हणून, असं दाखवायलाही नाही. साच्यात न बसणाऱ्या माणसाची टिंगल करायची नाही, आणि तिथे स्पष्ट म्हटलंय, की विनोदाचा किंवा अतिशयोक्तीचा संदर्भ असला तरी नाही. म्हणजे ‘अहो, गंमत होती’ हे उत्तर तिथे चालत नाही. तुमच्या जाहिरातीत साडीतली बाई मिक्सरपाशी उभी असली तर असू दे. मी फक्त फोटोत बाकीचे काय करतायत ते बघेन. नवरा पेपर वाचतोय, मुलगा मोबाईलवर, आणि एकटी तीच ओट्यापाशी हसतेय, असं असेल तर मजकूर कितीही धुऊन काढला तरी फोटो तेच सांगतो. एकाच्या हातात नारळ द्या, दुसऱ्याच्या हातात कोथिंबीर. तेवढ्यानं काम होतं.

आता स्पॉट दुरुस्त करू. सरांच्या मूळ कल्पनेत एक चांगली गोष्ट आहे, ती टाकू नका: गैरसमज. आवाजामुळे एक बोललं जातं, दुसरंच ऐकलं जातं. तो विनोद सरळ मिक्सरला द्यायचा. तीस सेकंदांत साधारण साठ-सत्तर शब्द बसतात आणि मिक्सरच्या घरघरीलाही जागा लागते, म्हणून पात्रं तीनच घेतली.

(मिक्सर जोरात चालू)
मुलगी: बाबा, मला नोकरी लागली!
बाबा: भाकरी लागली? मग गॅस बारीक कर!
मुलगी: अहो, पगारपण चांगलाय!
बाबा: साखर? चटणीत कशाला साखर!
मुलगी: (ओरडून) नोकरी! पुण्याला! एक तारखेपासून!
(मिक्सर बंद. शांतता.)
शेजारच्या काकू: (लांबून) अहो, अभिनंदन! पेढे कधी?
बाबा: पेढे? कसले पेढे?
निवेदक: मिक्सर बदला. घरातली बातमी आधी घरात कळेल!

यात बाबा चटणी वाटतायत, पण त्याबद्दल कुणी त्यांचं कौतुक करत नाही, की निवेदक ‘बघा, बाबासुद्धा!’ म्हणत नाही. हे महत्त्वाचं आहे. पुरुष कामाला लावला आणि त्याला टाळ्या वाजवल्या, की साचा मागच्या दारानं परत येतो. बाबा गोंधळतात ते पुरुष आहेत म्हणून नाही, आवाज आहे म्हणून. तपासून बघा: बाबांच्या जागी आई घाला, आजोबा घाला, थोरला भाऊ घाला. ‘भाकरी लागली?’वर हसू येतंच, कारण ते आवाजातून निघालंय. आणि प्रत्येक हशागणिक ऐकणाऱ्याला पटत जातं, की या घरात मिक्सर बदलायला हवा. काकूंची ओळ मात्र काळजीपूर्वक बोलून घ्या. त्यात टोमणा आला, की ‘भोचक शेजारीण’ हा आणखी एक साचा तयार होतो. आनंदानं, खिडकीतून हाक मारल्यासारखं म्हणायचं. तरी शंका वाटली तर काकूंच्या जागी काका घ्या, काही बिघडत नाही.

इथे एक प्रश्न तुम्हाला पडेलच: जोडप्याचा संवाद असेल तर तिनं ‘अहो’ आणि त्यानं ‘अगं’ म्हणायचं का? माझं मत असं, की पन्नाशी-साठीतलं जोडपं असेल तर राहू दे. सांगलीतल्या असंख्य घरांत तसंच बोलतात आणि ऐकणाऱ्याला ते आपलं वाटतं. पंचविशीतलं जोडपं असेल तर दोघांनाही एकमेकांना नावानं हाक मारू दे. ती ‘अहो’ म्हणते म्हणून कुणी कमी ठरत नाही. पण तो प्रत्येक वाक्यात ठरवतोय आणि ती प्रत्येक वाक्यात विचारतेय, असं असेल तर दोघं एकेरीत बोलली तरी दोष तसाच राहतो. पात्रांच्या ओळींपुढे बारीक अक्षरात खूण करा: कोण सांगतं, कोण विचारतं, कोण पैसे देतं, कोणावर हसतात. सगळ्या खुणा एकाच बाजूला पडल्या तर थांबायचं.

पेपरच्या जाहिरातीत विनोदाचा त्रास कमी आहे, दार बंद होण्याचा जास्त. ‘मकरसंक्रांतीनिमित्त खास सुवासिनींसाठी! प्रत्येक सौभाग्यवतीला मिक्सरसोबत वाण मोफत.’ ही ओळ लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नाही. संक्रांत म्हटलं की हळदी-कुंकू, हळदी-कुंकू म्हटलं की वाण. पण दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहून ती वाचा. नवरा गेलेली शिक्षिका आलीय, स्वतःच्या पगारातून मिक्सर घ्यायला. घटस्फोटित बाई आलीय. लग्न न केलेली बँकेतली मुलगी आलीय. एकटा राहणारा, रोज डबा करून नेणारा तरुण आलाय. तीच किंमत मोजून यातल्या कुणालाही भेट मिळणार नाही, आणि पहिल्या दोघींना ते दुकानदारानं पेपरात छापून सांगितलेलं आहे. घरातलं हळदी-कुंकू कुणी कसं करावं, हा त्या घराचा विषय. दुकान पैसे घेतंय, तिथे हा भेद कशासाठी?

दुकानदार म्हणेल, लोकांना असंच आवडतं. त्याला तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं सांगा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. जे गाव ठरावानं बदललं, त्या गावातली माणसंही खरेदीला तुमच्या भागात येत असतील. त्यांच्यापुढे ‘खास सुवासिनींसाठी’ ठेवून दुकानाला काय मिळणार?

संक्रांत सोडायची गरज नाही, उलट तिच्यातच सगळ्यांना घेणारी गोष्ट आहे. तिळगूळ लहान-मोठ्या, बाई-पुरुष, लग्न झालेल्या-न झालेल्या, सगळ्यांना देतात. आणि त्यासोबत जे म्हणतात, ते तर तुमच्या मिक्सरसाठीच सांगितल्यासारखं आहे. मथळा असा करा:

तिळगूळ घ्या, गोड बोला.
मिक्सर चालू असतानाही!

खाली: ‘संक्रांतीची भेट प्रत्येक मिक्सरसोबत.’ संपलं. हा मथळा द्यायच्या आधी मात्र एक खात्री करून घ्या. दुकानात जा, मिक्सरमध्ये भाजलेले तीळ घाला, चालू करा, आणि हातभर अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलून बघा. समोरच्याला ऐकू आलं तरच ही ओळ छापा. नाही आलं, तर रेडिओचा स्पॉटही सौम्य करावा लागेल, कारण दावा खोटा ठरला तर तक्रार त्यावरूनही होऊ शकते.

या जाहिरातीत भाषेची एक अडचण येईल. मराठीत क्रियापदाला लिंग चिकटतं, त्यामुळे ‘स्वयंपाक करणारा/करणारी’, ‘तुम्ही थकला/थकल्या असाल’ अशी तिरक्या रेघांची रांग लागते. पेपरात ती वाचवत नाही आणि रेडिओवर बोलताच येत नाही. आज्ञार्थी वाक्यं वापरा: या, वाटा, दळा, ऐका, घेऊन जा. त्यात लिंग येतच नाही आणि जाहिरातीची चालही ठसठशीत राहते. किंवा वस्तूलाच कर्ता करा: ‘चटणी होते, गप्पा थांबत नाहीत.’ ‘७५० वॅटची मर्दानी ताकद’ या ओळीला तर सोपा उपाय आहे. मर्दानी काढलं की ‘ताकद’ एकटी पोकळ वाटते, म्हणून त्या जागी मोटर काय करते ते लिहा: सुकं खोबरं, इडलीचं पीठ, दाण्याचं कूट. ‘गृहिणींची पहिली पसंती’ सरळ काढून टाका. त्या ओळीतून काहीच माहिती मिळत नाही.

कूपनवर कुणी लक्ष देत नाही, तिथे सगळ्यात जास्त चुका राहतात. तुमच्या कूपनवर ‘सौ.’ आधीच छापलेलं आहे आणि खाली ‘पतीचे नाव’, ‘पतीचा व्यवसाय’. दुकानाला खरं हवंय काय? नाव, मोबाईल, गाव किंवा पेठ, कोणतं मॉडेल. तेवढेच रकाने ठेवा. ‘सौ.’च्या जागी ‘श्री./सौ./श्रीमती/कु.’ अशी माळ घालू नका. नुसतं ‘नाव’ पुरतं. ज्यांना आपल्या नावापुढे सौ. लिहायचं आहे त्या लिहितीलच.

सगळं झालं की ऑफिसबाहेरच्या पाच-सहा जणांना ऐकवा. त्यात दुकानातली काउंटरवरची माणसं असू द्या, चहा देणारे काका असू द्या, वेगवेगळ्या वयाच्या बायका असू द्या. ‘यात काही आक्षेपार्ह वाटतं का?’ असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर नाही म्हणतो. एकदाच ऐकवा, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोला आणि मग विचारा, ‘जाहिरात कशाची होती? काय सांगत होती?’ मग सरांचा मूळ स्पॉट दुसऱ्या पाच-सहा जणांना ऐकवून तेच विचारा. सरांना बरोबर घेऊन गेलात तर उत्तम. हे रेकॉर्डिंगच्या आधी करा. कलाकार, स्टुडिओ, मिक्सिंग झाल्यावर एक शब्द बदलायचा म्हणजे पुन्हा खर्च, आणि मग ‘या वेळेला जाऊ दे’ असं ठरतं.

आणि सर अडूनच बसले, नवा स्पॉट नको, कलाकार ठरलेत, दोन मित्रच हवेत, असं म्हणाले, तर त्यांचाच स्पॉट ठेवा आणि बायकोची ओळ तेवढी बदला:

मित्र: मिक्सर?
नवरा: पिक्चर? चल की! किती वाजता?
निवेदक: कान जायच्या आधी मिक्सर बदला!